छत्री विकायची जूनमध्ये, पण शिवायला कधी घ्यायची?

२०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते, म्हणजे तो सोळा दिवस आधी आला. त्याआधी २०२३ मध्ये हाच पाऊस २५ जूनला आला होता. आपल्यासाठी हा फरक रेनकोट माळ्यावरून कधी काढायचा एवढाच असतो. छत्र्या बनवणाऱ्यासाठी मात्र तोच वर्षभराचा प्रश्न असतो, कारण त्याच्या मालाची जवळजवळ सगळी विक्री पावसाच्या आसपासच्या काही आठवड्यांत होते आणि कारागीर, मशीन, जागा आणि बँकेचं व्याज बाराही महिने चालू असतं.

मग त्याने काय करावं? वर्षभर एकाच गतीने छत्र्या शिवून गोडाऊन भरत राहावं, की सीझन आला की माणसं वाढवावीत आणि सीझन सरला की कमी करावीत? कारखानदारीच्या अभ्यासात पहिल्या पद्धतीला लेव्हल म्हणतात आणि दुसरीला चेज. लेव्हलमध्ये उत्पादन सपाट राहतं आणि साठा वरखाली होतो. चेजमध्ये उत्पादन मागणीच्या मागे धावतं आणि कारागिरांची संख्या वरखाली होते. यांतली कोणती निवडायची हे ठरवण्याच्या हिशेबाला ॲग्रिगेट प्लॅनिंग, म्हणजेच एकत्रित नियोजन म्हणतात. हा हिशेब आपण एका छत्री कारखान्यावर करून पाहू. कारखाना वसईच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतला आहे असं समजू. त्याचे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरीच आहे.

आधी सगळ्या छत्र्या एकाच मापात

कारखान्यात एकच छत्री बनत नाही. लांब दांड्याची काळी, पर्समध्ये मावणारी तीन घडीची, मुलांची चित्रांची, असे पन्नास प्रकार आणि त्यांचे शंभर रंग असतात. पुढच्या मे महिन्यात गुलाबी तीन घडीच्या किती लागतील हे ऑगस्टमध्ये कुणालाच सांगता येणार नाही. एकूण किती छत्र्या लागतील याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो, कारण एका रंगाची कमी दुसऱ्या रंगात भरून निघते. म्हणून वर्षाचा हिशेब करताना प्रकार आणि रंग बाजूला ठेवतात आणि सगळा माल एका मापात आणतात. एकत्रित नियोजन हे नाव त्यावरूनच आलं.

हे माप नगाचं असू नये, कामाचं असावं. मुलांची छत्री लहान असली तरी तिचं कापड कापणं, पाकळ्या शिवणं, काड्यांना टाके घालणं आणि मूठ बसवणं यात जो वेळ जातो, तोच मोजायचा. तीन घडीच्या छत्रीला साध्या छत्रीच्या दीडपट वेळ लागत असेल, तर ती दीड छत्री धरायची. हे माप चुकलं तर पुढचं सगळं चुकतं, कारण कागदावर वीस कारागीर पुरतात आणि प्रत्यक्षात तीन घडीच्यांची ऑर्डर वाढली की सव्वीस लागतात.

आपल्या कारखान्यात एक कारागीर दिवसाला वीस प्रमाण छत्र्या पूर्ण करतो. दोन महिन्यांत कामाचे दिवस पन्नास धरले, तर एका माणसाच्या हातून दोन महिन्यांत १,००० छत्र्या निघतात. वर्षाची मागणी १,२०,००० आहे. कारखान्याचं गिऱ्हाईक म्हणजे घाऊक व्यापारी. तो पाऊस पडण्याआधी माल भरतो, म्हणून कारखान्याची सर्वांत मोठी मागणी एप्रिल-मे मध्येच येते. ऑगस्ट ते जानेवारीत थोडा माल जातो तो कंपन्यांच्या भेटवस्तूंसाठी, उन्हाच्या छत्र्यांसाठी आणि तमिळनाडूसारख्या ठिकाणी, जिथे ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो.

वर्ष कुठून मोजायचं?

मला या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी घाईत उरकला जातो.

मुंबईकराला साठ्याचं गणित शिकवावं लागत नाही. तानसा, भातसा, मोडकसागर, विहार, तुळशी आणि वैतरणेची दोन धरणं मिळून सात तलावांची क्षमता सुमारे १४.४७ लाख दशलक्ष लिटर आहे. पाऊस चार महिने पडतो, शहर बारा महिने पाणी पितं, म्हणून १ ऑक्टोबरला साठा किती आहे यावर पुढच्या पावसापर्यंतचं वर्ष ठरतं. ती तारीख महत्त्वाची, कारण तिथे भरण्याचा काळ संपतो आणि उपसण्याचा सुरू होतो. छत्रीचा कारखाना याच्या उलट चालतो. त्यात माल बारा महिने येतो आणि चार महिन्यांत रिकामा होतो. त्यामुळे त्याचं वर्ष सुरू व्हायला हवं गोडाऊन रिकामं झाल्यावर, म्हणजे ऑगस्टमध्ये.

लेव्हल पद्धतीने वीस कारागीर वर्षभर ठेवले तर दर दोन महिन्यांत २०,००० छत्र्या बनतात. ऑगस्टपासून मोजल्यावर असं दिसतं:

| काळ | मागणी | उत्पादन | शेवटचा साठा |
|---|---|---|---|
| ऑगस्ट-सप्टेंबर | ६,००० | २०,००० | १४,००० |
| ऑक्टोबर-नोव्हेंबर | ४,००० | २०,००० | ३०,००० |
| डिसेंबर-जानेवारी | ६,००० | २०,००० | ४४,००० |
| फेब्रुवारी-मार्च | २०,००० | २०,००० | ४४,००० |
| एप्रिल-मे | ५०,००० | २०,००० | १४,००० |
| जून-जुलै | ३४,००० | २०,००० | ० |

कुठेही तुटवडा नाही. आता याच कारखान्याने, याच वीस माणसांनी, रिकाम्या गोडाऊनसह १ ऑक्टोबरला सुरुवात केली तर? मार्चअखेर ३०,००० साठा होतो, तो मेअखेर संपतो आणि जून-जुलैत १४,००० छत्र्या कमी पडतात. आर्थिक वर्षाबरोबर, म्हणजे १ एप्रिलला सुरुवात केली तर एप्रिल-मे मध्ये ३०,००० आणि जून-जुलैत आणखी १४,००० अशा ४४,००० कमी पडतात. तिन्ही वेळा वर्षाचं उत्पादन आणि वर्षाची मागणी अगदी तेवढीच आहे. सरासरी बरोबर असून धंदा बुडतो, आणि तोही एक तृतीयांशाहून जास्त.

‘कमी पडल्या तर नंतर देऊ’ हे इथे चालत नाही. फ्रीजचं किंवा गाडीचं गिऱ्हाईक दोन आठवडे थांबतं. भिजणारा माणूस समोरच्या दुकानात जी मिळेल ती छत्री घेतो आणि आपली विक्री कायमची जाते. ऑगस्टनंतर त्या ४४,००० छत्र्या तयार झाल्या तरी त्यांचं गिऱ्हाईक दहा महिने लांब असतं.

म्हणून वर्षाच्या बेरजेवर समाधान मानू नये. सुरुवातीपासून आजपर्यंतचं एकूण उत्पादन आणि आजपर्यंतची एकूण मागणी, अशा दोन चढत्या रेघा काढाव्यात. उत्पादनाची रेघ एकाही महिन्यात मागणीच्या खाली जाता कामा नये. ती जिथे खाली जाईल तिथे तुटवडा आहे, आणि दोन रेघांमधलं अंतर म्हणजे त्या दिवशीचा साठा.

साठ्याची किंमत

लेव्हल पद्धत दिसायला शांत आहे. त्याच माणसांचा हात बसलेला असतो, भरती नाही, कपात नाही. पण तिची किंमत गोडाऊनमध्ये पडून असते.

एक छत्री बनवायला १५० रुपये लागतात असं धरू. मार्चअखेर ४४,००० छत्र्या पडून असतील, तर ६६ लाख रुपये अडकले. हा पैसा बहुधा बँकेच्या सीसी म्हणजे कॅश क्रेडिट मर्यादेतून, ठरलेल्या रकमेपर्यंत उचलता येणाऱ्या कर्जातून आलेला असतो. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर एका छत्रीमागे दोन महिन्यांचे ३ रुपये होतात. जागेचं भाडं, विमा आणि खराबी यांचा आणखी १ रुपया धरू. म्हणजे एक छत्री दोन महिने ठेवण्याचे ४ रुपये. वरच्या कोष्टकातल्या शेवटच्या रकान्याची बेरीज १,४६,००० येते. तिला ४ ने गुणलं की वर्षाचा साठवणुकीचा खर्च ५,८४,००० रुपये होतो.

यातला खराबीचा भाग मुंबईच्या आसपास हलका धरू नये. ऑगस्ट-सप्टेंबरात बनवलेला माल दमट हवेतच गोडाऊनमध्ये जातो. काड्यांवर गंजाचे ठिपके येतात, घडीत कापडाला वास धरतो, खोके नरम पडून खालच्या थरातल्या काड्या वाकतात. दोष मार्चमध्ये खोकी उघडल्यावर दिसतो, तेव्हा दुरुस्तीला माणसं रिकामी नसतात. म्हणून जो लेव्हलने चालतो त्याने डिसेंबरात, हवा कोरडी असताना, ऑगस्टच्या मालातली काही खोकी उघडून पाहायलाच हवीत.

माणसं वाढवण्या-घटवण्याची किंमत

आता चेज. मागणी जेवढी, तेवढीच माणसं. ऑगस्टपासून दर दोन महिन्यांना अनुक्रमे ६, ४, ६, २०, ५० आणि ३४ कारागीर लागतात. साठा शून्य. वर्षभराचे एकूण माणूस-महिने लेव्हलइतकेच, म्हणून मजुरीचा एकूण खर्चही तेवढाच. फरक पडतो तो बदलाचा.

वर्षभरात ४६ जणांना घ्यावं लागतं आणि ४६ जणांना सोडावं लागतं. एका माणसाला घेण्याचा खर्च, म्हणजे मुकादमाचं कमिशन, शिकवण्यात गेलेला वेळ आणि सुरुवातीला वाया गेलेलं कापड, ७,००० रुपये धरू. सोडताना द्यावी लागणारी देणी आणि हिशेब ५,००० रुपये धरू. ४६ गुणिले १२,००० म्हणजे ५,५२,००० रुपये. लेव्हलच्या ५,८४,००० पेक्षा ३२ हजारांनी स्वस्त.

पुष्कळ हिशेब इथेच थांबतात आणि चेज निवडली जाते. माझ्या मते इथे थांबणं धोक्याचं आहे, कारण दोन गोष्टी मोजायच्या राहिल्या आहेत.

पहिली जागेची. एप्रिलमध्ये पन्नास माणसं बसवायची तर पन्नास मशीन आणि पन्नास जणांपुरती शेड लागते. लेव्हलमध्ये वीसच पुरतात. जादा तीस जागांचं मशीन, टेबल, वायरिंग मिळून प्रत्येकी २०,००० रुपये आणि पाच वर्षांचं आयुष्य धरलं, तर वर्षाला १,२०,००० रुपये वाढतात. त्या शेडचं भाडं मी धरलेलंही नाही. चेजचा खर्च ६,७२,००० वर गेला. साठ्याला जागा लागते हे सगळ्यांना दिसतं. माणसांनाही जागा लागते, आणि ती वर्षातले आठ-दहा महिने ओस पडते, हे लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट हाताच्या वेगाची. नवा माणूस पहिल्या दिवसापासून वीस छत्र्या काढत नाही. पहिला महिना त्याचा वेग साठ टक्के धरला, तर एप्रिलमध्ये आलेले तीस जण त्या महिन्यात मिळून ६,००० छत्र्या कमी काढतात. त्या ऐन मागणीतल्या असतात आणि गोडाऊनमध्ये आधार काहीच नसतो. शिवाय मुंबईत एप्रिल-मे म्हणजे माणसं गावी जाण्याचे दिवस. शाळांना सुट्टी, लग्नसराई, कोकणात आंबे, उत्तरेकडे गव्हाची कापणी. चेज पद्धत नेमकी तेव्हा तीस नवे कारागीर मागते. ते मिळाले नाहीत तर पुढच्या ओळीतलं काहीच खरं ठरत नाही.

१९५० च्या दशकात पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेतल्या होल्ट, मोदिग्लियानी, म्यूथ आणि सायमन या चौघांनी एका रंगाच्या कारखान्यासाठी असाच हिशेब मांडला होता. माणसं वाढवण्या-घटवण्याचा खर्च त्यांनी सरळ पटीत धरला नाही, बदलाच्या वर्गाच्या प्रमाणात धरला. बदल दुप्पट झाला तर खर्च चौपट. एप्रिलच्या तीस जणांकडे पाहिलं की त्यांनी तसं का केलं हे कळतं. दोन नवी माणसं जुन्यांच्या शेजारी बसून शिकतात. तीस नवी माणसं आली तर शिकवणारेच कमी पडतात.

‘कंत्राटी माणसं मिळतात, मग सोडायला खर्च कसला?’

हा आक्षेप मी बऱ्याचदा ऐकला आहे. कंत्राटदाराकडून माणसं घेतली की सोडण्याची देणी आपल्या वहीत दिसत नाहीत हे खरं. ती कंत्राटदाराच्या दरात मिसळलेली असतात, किंवा सरळ कामगाराच्या अंगावर पडलेली असतात. आपल्या कामगार कायद्यात वर्षात २४० दिवस काम झालं की सलग सेवा धरली जाते आणि कपात करताना नोटीस व भरपाई लागते. कित्येक ठिकाणी माणसाला त्या आकड्याच्या आत ठेवण्यासाठीच कामावरून काढून परत घेतलं जातं. मला हे चुकीचं वाटतं, आणि हिशेबातही ते टिकत नाही. ज्या कारागिराला जुलैअखेर पुढचं काही सांगितलं नाही, तो फेब्रुवारीत दुसऱ्याच्या कारखान्यात बसलेला असतो. मग आपण पुन्हा नवा माणूस शिकवतो, आणि ७,००० चा आकडा दरवर्षी नव्याने भरतो.

उलट, जुलैच्या शेवटी नाव-पत्ता घेऊन ‘१ फेब्रुवारीला या, सहा महिन्यांचं काम नक्की’ असं लेखी दिलं आणि ते पाळलं, तर तीच माणसं परत येण्याची शक्यता वाढते. परत आलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मग घेण्याचा खर्च निम्म्यावर येऊ शकतो आणि सगळं गणितच बदलतं. चेज स्वस्त करायची असेल तर ती याच मार्गाने होते.

मधला मार्ग

दोन्ही टोकं सोडून पाहू. ऑगस्ट ते जानेवारी बारा कारागीर ठेवायचे. फेब्रुवारीला आणखी सोळा घ्यायचे आणि जुलैपर्यंत अठ्ठावीस ठेवायचे. वर्षाची बेरीज तेवढीच, १,२०,०००. साठा अनुक्रमे ६,०००, १४,०००, २०,०००, २८,०००, ६,००० आणि शून्य. कुठेही तुटवडा नाही.

साठवणुकीचा खर्च २,९६,००० रुपये. सोळा जण घेणं आणि सोळा सोडणं १,९२,०००. जादा आठ जागांचे ३२,०००. एकूण ५,२०,००० रुपये, दोन्ही टोकांपेक्षा कमी. सर्वांत जास्त अडकलेली रक्कम ६६ लाखांवरून ४२ लाखांवर येते, आणि छोट्या कारखानदाराला बऱ्याचदा खर्चातल्या फरकापेक्षा हीच गोष्ट मोठी असते, कारण बँकेची मर्यादा ६६ लाखांची नसतेच. भरती फेब्रुवारीत होते, त्यामुळे एप्रिल येईपर्यंत नवे हात बसलेले असतात आणि गावी जाण्याच्या दिवसांआधीच माणसं जागेवर असतात.

‘पण पाऊसच लवकर आला तर?’

आतापर्यंत आपण मागणी ठरल्या वेळी येईल असं धरलं. आता २०२५ सारखं वर्ष घेऊ. पाऊस मे महिन्यातच आला आणि जूनमधल्या १५,००० छत्र्यांची मागणी एप्रिल-मे मध्ये सरकली. तेव्हा दोन महिन्यांत ६५,००० लागतात.

लेव्हलवाल्याकडे ४४,००० साठा आणि २०,००० नवं उत्पादन असतं. त्याच्या १,००० कमी पडतात. मधल्या मार्गावाल्याकडे ५६,००० असतात, ९,००० कमी. चेजवाल्याकडे फक्त ५०,०००, म्हणजे १५,००० कमी. एका छत्रीवर ५० रुपये नफा धरला तर तिघांचं नुकसान अनुक्रमे ५० हजार, साडेचार लाख आणि साडेसात लाख रुपये. जो साठा हिशेबात नुसता खर्च म्हणून दिसत होता, तो अशा वर्षी विम्यासारखा कामाला येतो.

मग मधला मार्ग चुकीचा का? असा पाऊस किती वर्षांतून येतो त्यावर ते आहे. दहा वर्षांतून एकदा धरला तर मधल्या मार्गाला वर्षाकाठी सरासरी ४५ हजार वाढतात, एकूण ५,६५,०००. लेव्हलचे ५,८९,००० होतात. मधला मार्ग अजून पुढे. पाच वर्षांतून एकदा धरला तर मधल्याचे ६,१०,००० आणि लेव्हलचे ५,९४,००० होतात, आणि निवड उलटते. पाऊस किती वर्षांनी असा लवकर येतो, हा हवामानाचा प्रश्न कारखान्याच्या कारागीर संख्येपर्यंत असा पोहोचतो.

यात ओव्हरटाइमचाही विचार करावा लागतो. अठ्ठावीस जणांनी रोज एक तास जादा काम केलं तर पन्नास दिवसांत ३,५०० छत्र्या वाढतात. कायद्याने दर दुप्पट द्यावा लागतो आणि तासांना मर्यादा आहे. एका छत्रीची मजुरी ३५ रुपये असेल तर जादा वेळेत ती ७० होते आणि ५० चा नफा १५ वर येतो. विक्री हातची जाण्यापेक्षा १५ बरे. पण वर्षभराचा बेतच ओव्हरटाइमवर उभा करणं परवडत नाही, आणि ९,००० चा खड्डा त्याने भरतही नाही.

पाऊस उशिरा आला किंवा कमी पडला तर चित्र उलटं होतं. वर्षाची मागणी १,००,००० वर थांबली तर लेव्हलवाल्याकडे जुलैअखेर २०,००० छत्र्या उरतात, ३० लाख रुपयांच्या. चेजवाला मागणी ओसरताना दिसली की जूनचं काम कमी करू शकतो.

‘उरलेला माल पुढच्या वर्षी विकू’

काळी छत्री विकता येईल. तिची फॅशन बदलत नाही. त्या २०,००० सगळ्या काळ्या असल्या तर पुढच्या ऑगस्टचा आरंभीचा साठा २०,००० धरायचा आणि माणसं त्या प्रमाणात कमी ठेवायची. पण त्या मुलांच्या छत्र्या असतील आणि त्यांच्यावरचं कार्टून पोरांच्या मनातून उतरलं असेल, तर त्या मिळेल त्या भावात काढाव्या लागतात.

म्हणून माझं मत असं आहे की लेव्हल की चेज हा प्रश्न संपूर्ण कारखान्याला एकदम विचारू नये. ऑगस्ट ते जानेवारी फक्त खात्रीच्या विक्रीचा माल करावा: काळ्या, निळ्या, साध्या. मधल्या मार्गात जास्तीत जास्त साठा २८,००० आहे. वर्षाला साध्या छत्र्यांची विक्री ५०,००० असेल, तर हा सगळा साठा डोळे मिटून साध्या मालाचा करता येतो. छापील आणि मुलांच्या छत्र्या मार्चनंतर, व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी पाहून कराव्यात. त्यांच्यासाठी सांगाडे तयार करून ठेवता येतात. काड्या-दांड्याच्या सांगाड्याला रंग नसतो, त्यामुळे तो चुकत नाही. कापड मात्र न कापता ठेवावं. उत्पादनाचा वेग सपाटच राहतो, नक्षीचा निर्णय तेवढा पुढे ढकलला जातो.

जिथे मालच टिकत नाही तिथे ही मुभा नाही. दिवाळीच्या फराळाच्या चकल्या जूनपासून तळून ठेवता येत नाहीत, तिथे चेजच करावी लागते आणि सगळी अक्कल ऐन वेळच्या हातांची सोय करण्यात लागते. पेणच्या गणपतीच्या मूर्ती मात्र टिकतात, म्हणून तिथले कारखाने पुढच्या भाद्रपदासाठी महिनोन्महिने आधी कामाला लागतात.

‘व्यापाऱ्याला सूट देऊन माल आधीच का नाही काढत?’

काढता येतो, पण सूट किती द्यायची हे मोजून. लेव्हलमध्ये एप्रिलच्या ८,००० छत्र्या व्यापाऱ्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये उचलल्या, तर दोन महिन्यांची साठवणूक वाचते, म्हणजे छत्रीमागे ४ रुपये. सूट ४ रुपयांपेक्षा जास्त दिली तर त्या व्यवहारात तोटाच. आणि माल फेब्रुवारीत, पण पैसे जुलैत असं ठरलं असेल, तर ४ पैकी व्याजाचे ३ रुपये वाचतच नाहीत. आपलं गोडाऊन मोकळं होतं, पैसा मात्र अडकलेलाच राहतो. अशा उधारीच्या व्यवहारात १ रुपयापलीकडे सूट देण्यासारखं काही नसतं. मशीद बंदरच्या घाऊक बाजारात यापेक्षा कितीतरी मोठ्या सुटीची अपेक्षा असते, म्हणून बोलणी करण्याआधी हा आकडा माहीत असलेला बरा.

बेत कधी बदलायचा?

ऑगस्टमध्ये केलेला बेत जुलैपर्यंत तसाच ठेवायचा नसतो. दर दोन महिन्यांनी प्रत्यक्ष साठा आणि ऑर्डरी घालून पुढचं वर्ष पुन्हा मांडायचं. कारागिरांची संख्या मात्र वर्षातून दोनदाच हलवावी, फेब्रुवारीत आणि जुलैअखेर. दर महिन्याला थोडी थोडी हलवली तर मधला मार्ग नकळत चेज होतो आणि बदलाचा खर्च पुन्हा वर जातो. जानेवारीअखेर साठा बेताच्या २०,००० ऐवजी १६,००० वर असेल, तर फेब्रुवारीत सोळाऐवजी अठरा माणसं घ्यावी लागतात, कारण एप्रिल-मे अखेरपर्यंतच्या चार महिन्यांत दोन जादा माणसं तेवढ्या ४,००० छत्र्या भरून काढतात.

हवामान खात्याचा पहिला दीर्घकालीन अंदाज साधारण एप्रिलच्या मध्याला येतो. तो देशभरातल्या एकूण पावसाचा असतो, मुंबईत पहिली सर कोणत्या तारखेला पडेल याचा नसतो. तोपर्यंत आपल्या कारखान्यातल्या अर्ध्याहून जास्त छत्र्या शिवून झालेल्या असतात आणि अठ्ठावीस माणसं जागेवर असतात. त्या दिवशी मालकाच्या हातात फार थोडं उरलेलं असतं: उरलेल्या सांगाड्यांवर कोणतं कापड चढवायचं आणि जादा तासांची पाळी मे महिन्यात लावायची की जूनमध्ये. बाकीचे निर्णय ऑगस्टमध्ये आणि फेब्रुवारीत झालेले असतात, जेव्हा शहरात छत्रीचा विचार कुणीच करत नसतो.